पाईपमधला प्रवाहदर: समान जाडीची वलयं घ्यावीत की समान क्षेत्रफळाची?

गोल पाईपमध्ये पिटो नळी सरकवत वेग मोजायचा आणि त्या आकड्यांवरून प्रवाहदर काढायचा, असं काम समोर असेल तर पहिला निर्णय कागदावरच घ्यावा लागतो: नळी केंद्रापासून नेमकी किती अंतरावर थांबवायची? वेग केंद्रापाशी सर्वांत जास्त आणि भिंतीकडे जाताना कमी होत असल्यामुळे मधला एक आकडा घेऊन भागत नाही. छेदाची पातळ वलयं पाडायची, प्रत्येक वलयाचा वेग त्याच्या क्षेत्रफळाने गुणायचा आणि बेरीज करायची. वलयं समान जाडीची पाडावीत की समान क्षेत्रफळाची, हा खरा प्रश्न. त्यासाठी एकच उदाहरण दोन्ही रीतींनी सोडवून पाहू.

पाईपची आतली त्रिज्या १० सेंमी, केंद्रावरचा वेग २ मी/से. प्रवाह खळबळीचा आहे आणि वेगाचं वाटप नेहमीच्या एक-सप्तमांश घाताच्या नियमाने चालतं असं धरू:

```
u(r) = 2 * (1 - r/R)^(1/7)
```

सूत्र हातात असल्यामुळे अचूक उत्तर काढता येतं, आणि मोजणीच्या रीती त्याच्याशी ताडून पाहता येतात. `r` त्रिज्येवरच्या `dr` जाडीच्या वलयाचा परिघ `2πr`, म्हणून क्षेत्रफळ `2πr dr`. भिंतीपासूनचं अंतर `y = 1 - r/R` असं घेतलं की इंटिग्रेशन दोन ओळींत संपतं:

```
Q = 2π R² U ∫ (1 - y) y^(1/7) dy      (y: 0 ते 1)
  = 2π R² U (7/8 - 7/15) = 2π R² U (49/120)
```

`R = 0.1` मी आणि `U = 2` मी/से घातले की प्रवाहदर येतो ०.०५१३ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे ५१.३ लिटर/सेकंद. सरासरी वेग १.६३३ मी/से, केंद्राच्या वेगाच्या ०.८१७ पट.

आता समजा सूत्र माहीत नाही, फक्त पाच आकडे घेता येतात.

समान जाडीच्या रीतीत त्रिज्येचे २ सेंमीचे पाच भाग करून प्रत्येक भागाच्या मध्यावर, म्हणजे १, ३, ५, ७ आणि ९ सेंमीवर वेग घ्यायचा. वरच्या सूत्रानुसार हे वेग १.९७०, १.९०१, १.८११, १.६८४ आणि १.४३९ मी/से. वलयांची क्षेत्रफळं मात्र सारखी नाहीत. ती १ : ३ : ५ : ७ : ९ या प्रमाणात आहेत, म्हणजे एकूण छेदाच्या ४, १२, २०, २८ आणि ३६ टक्के. सगळ्यात आतलं वलय छेदाचा पंचविसावा हिस्सा, तर सगळ्यात बाहेरचं एक तृतीयांशाहून जास्त. हे भार लावून सरासरी वेग १.६५९ मी/से येतो आणि प्रवाहदर ५२.१ लिटर/सेकंद. खऱ्यापेक्षा सुमारे १.६ टक्के जास्त.

हीच चूक कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. शेवटच्या वलयात, ८ ते १० सेंमीच्या पट्ट्यात, खरा सरासरी वेग १.३८० मी/से आहे. आपण मध्यावरचा १.४३९ धरला. वेगाची घसरण त्या पट्ट्यात सरळ रेषेत होत नाही. भिंतीच्या अगदी जवळच्या काही मिलिमीटरमध्ये तो कोसळतो, आणि ९ सेंमीवर थांबलेल्या नळीला त्याचा पत्ता लागत नाही. एकूण चुकीचा चार पंचमांशाहून अधिक भाग या एकाच वलयाचा आहे. म्हणून जादा आकडे घेण्याची सोय असेल तर सगळी वलयं बारीक करण्याआधी फक्त शेवटचं वलय दोनात विभागावं. ८.५ आणि ९.५ सेंमीवर वेग घेऊन त्यांना १७ आणि १९ टक्के भार दिला, की सहा आकड्यांत चूक ०.९ टक्क्यावर येते.

समान क्षेत्रफळाच्या रीतीत छेदाचे क्षेत्रफळाने सारखे पाच भाग करतात आणि प्रत्येक वलयाचं क्षेत्रफळ बरोबर निम्म्यात दुभागणाऱ्या त्रिज्येवर वेग घेतात:

```
r_i = R * sqrt((2i - 1) / (2N))       i = 1, 2, ... N
```

पाच वलयांसाठी ही अंतरं ३.१६, ५.४८, ७.०७, ८.३७ आणि ९.४९ सेंमी. ती भिंतीकडे दाटत जातात. छेदाचं क्षेत्रफळही तिकडेच जास्त आहे, त्यामुळे ते योग्यच. वेग येतात १.८९४, १.७८६, १.६७८, १.५४४ आणि १.३०९. इथे भार लावायची गरज नाही, साधी सरासरी घ्यायची: १.६४२ मी/से, प्रवाहदर ५१.६ लिटर/सेकंद. चूक अर्धा टक्का, तीही पाचच आकड्यांत.

याच रीतीचं सुधारलेलं रूप म्हणजे लॉग-लिनिअर बिंदू. भिंतीजवळ वेग अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे बदलतो असं धरून ही अंतरं ठरवलेली आहेत: त्रिज्येच्या ०.२७७६, ०.५६५८, ०.६९५०, ०.८४७० आणि ०.९६२२ पट. यांचीही साधी सरासरीच घ्यायची. आपल्या उदाहरणात ती १.६३१ मी/से येते, म्हणजे चूक ०.१५ टक्का, वजा बाजूला.

| रीत | सरासरी वेग (मी/से) | प्रवाहदर (लिटर/से) | चूक |
|---|---|---|---|
| अचूक इंटिग्रेशन | १.६३३ | ५१.३ | – |
| समान जाडी, भार लावून | १.६५९ | ५२.१ | +१.६% |
| समान क्षेत्रफळ, साधी सरासरी | १.६४२ | ५१.६ | +०.५% |
| लॉग-लिनिअर, साधी सरासरी | १.६३१ | ५१.२ | –०.१५% |
| समान जाडी, भार न लावता | १.७६१ | ५५.३ | +७.८% |
| समान क्षेत्रफळ, वर पुन्हा भार | १.५७८ | ४९.६ | –३.४% |

शेवटच्या दोन ओळी रीती नाहीत, त्या नेहमी होणाऱ्या चुका आहेत. समान जाडीचे आकडे घेऊन नुसती सरासरी काढली की केंद्राजवळच्या वेगवान पण चिमुकल्या वलयाला बाहेरच्या वलयाइतकाच मान मिळतो आणि उत्तर फुगतं. उलट, समान क्षेत्रफळाच्या बिंदूंवर आकडे घेऊन सवयीने पुन्हा `r` ने गुणलं की भिंतीला दुबार वजन मिळतं आणि उत्तर घटतं. तक्त्याच्या डोक्यावर बिंदू कोणत्या रीतीचे आहेत हे लिहून ठेवलं तर आकडेमोड करणारा वेगळा माणूस असला तरी ही गल्लत होत नाही.

तिसरी चूक याहून मोठी आहे. बिंदू ०, २, ४, ६, ८ सेंमीवर घेतले, भिंतीवर वेग शून्य असतो म्हणून १० सेंमीवर शून्य लिहिलं आणि `r·u` ची ट्रॅपेझॉइड पद्धतीने बेरीज केली, तर उत्तर येतं ४३.४ लिटर/सेकंद, म्हणजे खऱ्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी! भिंतीवर वेग शून्य असतो हे खरंच आहे. पण ८ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत तो सरळ उतरत जातो हे खोटं आहे. खळबळीच्या प्रवाहात तो शेवटपर्यंत बराच टिकून राहतो आणि मग एकदम पडतो. शिवाय या मांडणीत केंद्रावरचा आकडा वायाच जातो, कारण तिथे `r` शून्य असल्याने त्याचा भारही शून्य.

प्रवाह शांत, थरांचा असेल तर चित्र बदलतं. तिथे वेग `U(1 - r²/R²)` असा असतो. `r²` मध्ये पाहिलं तर ही सरळ रेषाच आहे, त्यामुळे समान क्षेत्रफळाची रीत कितीही कमी बिंदूंत अगदी अचूक उत्तर देते: सरासरी वेग केंद्राच्या वेगाच्या निम्मा. समान जाडीची पाच वलयं तिथेही २ टक्के जास्त दाखवतात. फक्त त्यांची चूक वलयं दुप्पट केली की चौथाई होते. खळबळीच्या प्रवाहात ती जेमतेम निम्म्यावर येते, कारण भिंतीजवळची तीव्र घसरण तशीच राहते. म्हणून वलयं वाढवून चूक घालवू, हा विचार शांत प्रवाहातच लवकर फळाला येतो.

मग निवड कशी करायची? प्रवाह खळबळीचा असेल आणि मोजमाप अजून व्हायचं असेल तर बिंदू लॉग-लिनिअरच घ्यावेत. मेहनत तेवढीच आणि उत्तर सर्वांत जवळचं. अडचण लहान पाईपमध्ये येते. आपल्या उदाहरणात शेवटचा बिंदू भिंतीपासून ३.८ मिमीवर आहे. नळीचं तोंड ४ मिमी जाड असेल तर तोंड आणि भिंत यांत २ मिमीही उरत नाहीत, आणि एवढ्या जवळ भिंतीमुळे नळीचा आकडाच बिघडतो. अशा वेळी समान क्षेत्रफळाचे बिंदू बरे. त्यांचा शेवटचा बिंदू ५.१ मिमीवर आहे. पाईप याहून लहान असेल तर बिंदू कमी करावेत. आकडे आधीच समान अंतरांवर घेतलेले असतील तर ते फेकून द्यायचं कारण नाही. १, ३, ५, ७, ९ हे भार लावावेत आणि उत्तर टक्का-दीड टक्का जास्त असेल हे धरून चालावं. वेगाचं सूत्रच माहीत असेल, तर वलयं मोजत बसू नये, इंटिग्रेशन करावं.

उत्तर आल्यावर सरासरी वेगाला केंद्राच्या वेगाने भागून पाहावं. शांत प्रवाहात गुणोत्तर ०.५ च्या जवळ, खळबळीच्या प्रवाहात साधारण ०.८ ते ०.८५ हवं. ०.८८ आलं तर बहुधा भार लावायचे राहिले आहेत, आणि ०.७ च्या आसपास आलं तर भिंतीवरचं शून्य बेरजेत शिरलं आहे का ते तपासावं.

या सगळ्या रीतींखाली एक गृहीत आहे: वेग फक्त केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असतो, दिशेवर नाही. बेंड किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह जवळ असेल तर प्रवाह एका बाजूला झुकतो आणि वलयावर सगळीकडे एकच वेग राहत नाही. म्हणून एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन व्यासांवर मोजावं. प्रत्येक वलयाचे चार आकडे मिळतात, त्यांची आधी सरासरी घ्यावी. समोरासमोरच्या आकड्यांत ठळक फरक दिसला तर बारीक वलयांनी तो भरून निघत नाही. जागा बदलून, प्रवाह येतो त्या बाजूला वीसएक व्यासांइतका सरळ पाईप असेल तिथे मोजावं. आणि आतला व्यास प्रत्यक्ष मोजून घ्यावा: २०० मिमी धरलेला पाईप गाळ बसून १९८ मिमीचा झाला असेल, तर क्षेत्रफळात २ टक्के जातात, म्हणजे लॉग-लिनिअर बिंदूंनी कमावलेल्या अचूकतेच्या कितीतरी पट.