आधी संहिता की आधी शूटिंग? तुंबलेल्या कोपऱ्यावरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ

आपल्या गल्लीत पाणी का साचतं, हे समजावणारा छोटा व्हिडिओ करायचा तर दोन रस्ते आहेत. मिळतील ती दृश्यं आधी गोळा करून त्यांवर निवेदन लिहायचं, किंवा आधी तपासलेली संहिता लिहून तिला लागतील तेवढीच दृश्यं शोधायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पहिल्या रस्त्याची बाजू पक्की आहे. पाऊस संहितेसाठी थांबत नाही. कोपऱ्यावरचं पाणी तासाभरात ओसरतं आणि तेव्हा कोणी कॅमेरा धरला नसेल, तर पुढच्या मोठ्या सरीची वाट बघावी लागते. सोसायटीच्या ग्रुपवर क्लिपही भरपूर येतात आणि त्यांतली ताकद नाकारता येत नाही.

अडचण पुढे येते, आणि माझा कौल तिनेच ठरवला. जोरकस क्लिप हाताशी असली की वाक्य तिच्यामागे फरफटत जातं. आमच्याकडे सगळ्यात भारी दृश्य होतं चेंबरच्या झाकणातून उसळणाऱ्या पाण्याचं. ते वापरायचं म्हटल्यावर ‘ड्रेनेज तुंबल्यामुळे पाणी साचतं’ हे वाक्य आपोआप कागदावर आलं. पण असं चेंबर सहसा मैलावाहिनीचं असतं आणि पावसाचं पाणी जायला रस्त्याकडेच्या जाळीखाली वेगळी पावसाळी वाहिनी असते. चेंबर उसळतं तेव्हा मैलावाहिनी पुढे भरलेली किंवा अडलेली असते. पाणी जाळीजवळ नुसतं उभं राहत असेल, तर दोष जाळीत, उतारात किंवा पावसाळी वाहिनीत शोधावा लागतो. दोन्हींची दुरुस्ती वेगळी, तक्रारही वेगळी. चुकीचं वाक्य गेलं तर लोक चुकीच्या टेबलावर अर्ज घेऊन जातात.

शिवाय ती क्लिप कधीची? व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या व्हिडिओतली मूळ माहिती सहसा टिकत नाही. म्हणून ज्याने चित्रण केलं त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी आणि वापरायची परवानगीही तेव्हाच घ्यावी. तो सापडला नाही, तर दृश्यातल्या पाट्या, फ्लेक्स आणि रस्ता डांबरी आहे की काँक्रीटचा, हे पाहून काळ ताडावा लागतो. तरीही खात्री पटली नाही, तर मी ती क्लिप सोडून देतो. ‘संग्रहित’ असं लिहून भागतं हे खरं, पण ती पट्टी किती जण वाचतात?

संहिता आधी लिहिताना मी कागदावर तीन रकाने आखतो: वाक्य, पुरावा, दृश्य. मधला रिकामा असेल तर तिसरा भरायचा नाही. पहिल्या खर्ड्यात ‘ढगफुटी झाली’ असं वाक्य होतं. हवामान खात्याच्या हिशेबात ढगफुटी म्हणजे साधारण तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस, आणि आमच्याकडे तसा आकडा नव्हता. वाक्य गेलं. पावसाचा आकडा देतानाही तारीख सांभाळावी लागते, कारण खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असतो. म्हणजे 24 तारखेच्या संध्याकाळचा पाऊस 25 तारखेच्या नोंदीत दिसतो. केंद्रही जवळचंच घ्यावं. पुण्यात शिवाजीनगर आणि लोहगावचे आकडे एकाच दिवशी खूप वेगळे असू शकतात.

मग उरलं मुख्य वाक्य: ‘जाळी रस्त्यापेक्षा उंच आहे.’ ते तपासायला पाऊस लागतच नाही. कोरड्या दिवशी जाळीपासून हातभर अंतरावर बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीकडे न जाता रस्त्याच्या मधोमध पसरलं. जाळीवर स्पिरिट लेव्हल आडवी धरली, तर तिच्या खाली रस्ता दोन बोटं खोल निघाला. हीच दोन दृश्यं व्हिडिओचा कणा झाली. मांडणी साधी होती, पण पाहणाऱ्याला कारण डोळ्यांनी दिसलं. ‘काम निकृष्ट झालं’ हे वाक्य मात्र बादलीने सिद्ध होत नाही. त्यासाठी माहिती अधिकारात कामाचा आदेश आणि मोजमाप पुस्तिका मागवावी लागते, आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. तोवर संहितेत एवढंच म्हणता येतं की कागद मागवले आहेत. दोषदायित्व कालावधी संपला का, हेही त्याच अर्जात विचारावं. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

हा रस्ता सावकाश आहे, हे मान्य. तुमचा विषय कचरा जाळण्यासारखा क्षणात निसटणारा असेल, तर आधी कॅमेरा काढणंच बरं. पाण्याच्या बाबतीतही पावसात दिसेल ते टिपून ठेवायला हरकत नाही. फक्त मूळ फाइल तारखेसह जपा आणि मधला रकाना भरेपर्यंत ती संपादनाला घेऊ नका. दोन मिनिटांना अडीचशेच्या आसपास शब्द पुरतात, तेव्हा तपासायची वाक्यंही वीस-पंचवीसच असतात.