मुलीची उंची वाढवायला गेलो आणि दोन लाख दहा हजार घालवून आलो

आमच्या भांडुपच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. लेकीचा वाढदिवस पाडव्याच्या आसपास येतो, त्यामुळे दर पाडव्याला गुढी उतरवली की तिला चौकटीशी उभी करायची, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरायचं आणि रेघ मारायची. दहाव्या वर्षी 134, अकराव्या वर्षी 141, बाराव्याला 145, तेराव्याला 147. शेवटच्या दोन रेघा जवळजवळ आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिची वाढ खुंटली का गं?" त्या वाक्यानं माझी झोप उडाली.

मी 152 सेंटीमीटर, नवरा 165. आम्ही काही उंच माणसं नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण त्याच महिन्यात फोनवर एक जाहिरात आली, 'इंजेक्शनने 3 ते 4 इंच, 16 वर्षांपर्यंत संधी'. पश्चिम उपनगरात, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर क्लिनिक. जून महिना, शाळा नुकती सुरू झालेली. शाळा आणि क्लास संपवून, पाठीवर दप्तर घेऊन, संध्याकाळी साडेसातला आम्ही तिथे पोचलो.

तिथे तिची उंची मोजली 146.3. घरी रेघ 147 ला होती, असं मी म्हटलं. "घरची मोजणी अशीच असते, मॅडम," असं उत्तर आलं. मला ते पटलं, कारण त्यांच्याकडे भिंतीला लावलेलं यंत्र होतं आणि माझ्याकडे पेन्सिल.

मग रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ग्रोथ हॉर्मोन 0.2. समोरच्या गृहस्थांनी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला. "नॉर्मल 10 च्या वर पाहिजे. तुमच्या मुलीत हॉर्मोनच नाही." नवऱ्यानं तिथेच कार्ड काढलं. सहा महिन्यांचं पॅकेज, नोंदणीसकट 2,10,000 रुपये.

त्या लाल गोलाबद्दल मला चार महिन्यांनी कळलं. ग्रोथ हॉर्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून दिवसभर सारखं झिरपत नाही, ते लाटांनी येतं आणि मोठ्या लाटा रात्री गाढ झोपेत येतात. मधल्या वेळात रक्तात ते जवळपास सापडतच नाही. धडधाकट, उंचापुऱ्या मुलाचं रक्त दुपारी घेतलंत तरी 0.2 येऊ शकतं. कमतरता खरंच आहे का हे पाहायचं तर ग्रंथीला डिवचावं लागतं. मुलाला उपाशीपोटी क्लोनिडीनची गोळी किंवा ग्लुकागॉनचं इंजेक्शन देतात आणि मग ठरावीक वेळाने दोन-तीन तास रक्त घेत राहतात. क्लोनिडीनने मूल पेंगतं, रक्तदाब उतरतो, म्हणून ही चाचणी नर्स शेजारी ठेवून करायची असते. त्यात आलेला सर्वांत मोठा आकडा 10 च्या खाली, काही ठिकाणी 7 च्या खाली असेल, आणि तेही दोन वेगवेगळ्या चाचण्यांत, तरच सहसा कमतरता म्हणतात. म्हणजे 10 हा आकडा खरा होता. तो दुसऱ्याच परीक्षेचा होता, इतकंच.

इंजेक्शन रोज रात्री, झोपण्याआधी, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. एकाच जागी सारखं टोचलं तर तिथली चरबी बिघडते, म्हणून रोज जागा बदलायची. डोस 1.3 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 4 युनिट. तिचं वजन 39 किलो, त्या हिशोबात डोस चुकीचा नव्हता. औषधही बहुधा खरंच होतं. फसवणूक औषधात नव्हती, ती औषध कुणाला दिलं यात होती. इंजेक्शनचं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, म्हणून क्लिनिकमधून बर्फाच्या पिशवीत घालून लोकलनं आणायचं आणि फ्रीजमध्ये कैरीच्या लोणच्यामागे ठेवायचं. पहिले आठ दिवस लेक रडली. नंतर स्वतःच टोचून घ्यायला लागली, ते बघवत नसे.

तीन महिन्यांनी, सप्टेंबरात, त्यांनी आम्हाला रविवारी सकाळी नऊला बोलावलं. उंची 149.1. "तीन महिन्यांत 2.8 सेंटीमीटर!" असं म्हणत तिथल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

घरी येऊन मी सहज चौकटीशी मोजलं, तर 148 आलं. दोनदा मोजलं, तरी 148 च. पाडव्यापासून सहा महिन्यांत एक सेंटीमीटर. मग मी दोन्ही वेळा आठवून पाहिल्या. दिवसभर उभं राहून, ओझं उचलून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटीमीटरभर बुटका भरतो. पहिली मोजणी संध्याकाळची, दमलेल्या, खांदे पाडून उभ्या असलेल्या मुलीची. दुसरी सकाळची, आणि त्या दिवशी तिनं डोक्यावर उंच पोनी बांधली होती. वरची पट्टी केसांवरच टेकली होती, कुणी ती दाबली नाही, पोनी सोडायला सांगितलं नाही. हे मुद्दाम की निष्काळजीपणा, मला सिद्ध करता येणार नाही. पण दोन्ही चुका त्यांच्याच फायद्याच्या कशा झाल्या?

तोवर लेकीचं डोकं वरचेवर दुखायला लागलं होतं. क्लिनिकवाले म्हणाले, मोबाईल कमी करा. आमच्या सोसायटीतल्या बालरोगतज्ज्ञ ताईंना मी जिन्यात सहज सांगितलं, तर त्या थबकल्याच. "इंजेक्शन आजच थांबव आणि डोळ्यांचा पडदा तपासून घे." ग्रोथ हॉर्मोननं क्वचित कवटीतल्या द्रवाचा दाब वाढतो, त्याचं पहिलं लक्षण डोकेदुखी असतं. पडदा नशिबानं ठीक निघाला. त्यांनीच आम्हाला मुलांच्या हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

या डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बाजूला सारला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाळी कधी आली?" अकरा वर्षं चार महिने, मी म्हटलं. क्लिनिकमध्ये हे कुणीच विचारलं नव्हतं. मग त्यांनी तिचे बूट, मोजे, पोनी सगळं काढायला लावलं, तीनदा मोजलं आणि सरासरी लिहिली, 148.2. चौकटीवरच्या रेघांचा फोटो मी दाखवला, तर म्हणाल्या, "हा तुमच्याकडचा सर्वांत चांगला रिपोर्ट आहे." कमतरता असलेलं मूल वर्षानुवर्षं हळू वाढतं, वर्षाला चार सेंटीमीटरच्याही खाली जातं. आमची लेक दहा ते अकरा या वर्षात सात सेंटीमीटर वाढली होती. ज्या अंगात हॉर्मोनच नाही ते असं वाढत नाही.

मग त्यांनी डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढला. तसा एक्स-रे क्लिनिकनंही काढला होता आणि त्यावर 'ग्रोथ प्लेट ओपन' एवढंच लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त राग येतो. हाडांच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते, उंची तिथे वाढते. पाळीच्या सुमारास वाढलेलं इस्ट्रोजेन ती पट्टी हळूहळू हाडात बदलत नेतं. एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. लेकीचं वय साडेतेरा, हाडांचं वय 14. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शटर पूर्ण पडलेलं नाही, पण वीतभरच वर आहे. त्यातून आता ट्रक आत जाणार नाही." हाडांचं वय 14 झालेल्या मुलीनं आपल्या अंतिम उंचीतली साधारण 98 टक्के उंची गाठलेली असते. कॅल्क्युलेटरवर त्यांनी करून दाखवलं, 148.2 भागिले 0.98, म्हणजे 151 च्या आसपास. उरलेली तीन सेंटीमीटर इंजेक्शन घेतलं तरी तीच, न घेतलं तरी तीच.

दुसरा हिशोब आईवडिलांचा. दोघांच्या उंचीची बेरीज, मुलगी असेल तर त्यातून 13 वजा, मुलगा असेल तर 13 अधिक, आणि भागिले दोन. आमचं आलं 152. आकडा थोडा मागेपुढे होतो, पण लेक आमच्याच मापाची निघाली होती. तिच्यात बिघाड नव्हताच.

मी हट्टानं विचारलं, मग हे इंजेक्शन कुणाला लागू पडतं? त्यांनी सांगितलं ते इथे लिहिते, कारण ते कळलं असतं तर मी कार्ड काढू दिलं नसतं. खरी कमतरता असेल आणि लवकर सुरू केलं, तर फरक डोळ्यांना दिसतो. वर्षाला तीन-साडेतीन सेंटीमीटर वाढणारं मूल पहिल्या वर्षी आठ-नऊ वाढतं, नंतर वेग उतरत जातो, पण वर्षानुवर्षं चालू ठेवल्यावर ते बहुधा घराण्याच्या उंचीपर्यंत पोचतं. टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांचा जन्मजात दोष असलेल्या मुलींना, जन्मतःच फार लहान राहून नंतर भरून न निघालेल्या मुलांना, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, अशा आणखी काही ठिकाणी ते देतात. आणि ज्या मुलांत काही आजार सापडत नाही, फक्त उंची खूपच कमी असते, त्यांना? अमेरिकेत 2003 पासून त्यासाठीही परवानगी आहे. तिथे चार-पाच वर्षं जवळजवळ रोज टोचून सरासरी पाचेक सेंटीमीटर मिळतात, म्हणजे दोन इंच. कुणाला थोडे जास्त, कुणाला काहीच नाही. आणि तेही शटर वर असताना सुरू केलं तर. मुलींत हाडांचं वय 14 आणि मुलांत 16 च्या सुमारास, किंवा वर्षाची वाढ दोन सेंटीमीटरच्या खाली आली की, बंद करतात. सहा महिन्यांत चार इंच या हिशोबात कुठेच बसत नाहीत.

पैसे परत मागितले, तर क्लिनिकनं बिल पुढे केलं. त्यावर औषधाचं नाव नव्हतं, 'वेलनेस प्रोग्राम' होतं. पेनांच्या खोक्यांवरचं नाव आणि बॅच नंबर यांचे फोटो मी पहिल्या महिन्यात काढले असते तर बरं झालं असतं. खोकी ते 'नियम आहे' म्हणून परत घेत. आता आमच्याकडे उरलेली दोन पेनं, लाल गोलाचा रिपोर्ट, दोन एक्स-रे आणि मोबाईलवरचे मेसेज एवढंच आहे. ते घेऊन आम्ही ग्राहक आयोगात गेलोय, तारखा पडताहेत.

परवाच्या पाडव्याला लेक चौदाची झाली. पुस्तक तिनं स्वतःच डोक्यावर धरलं. रेघ 149.3 ला आली. "आई, पोनी सोडलीय हं," असं म्हणून ती हसली आणि श्रीखंड खायला गेली.