८,१५० रुपये घेतले, आणि ओव्हनमधला रॉड तोच!

कंपनीचं कस्टमर केअर म्हणून इंटरनेटवर सगळ्यात वर दिसणारा नंबर बऱ्याचदा भामट्यांचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी केकच्या ऑर्डरी द्यायच्या होत्या आणि ओव्हन अजिबात तापत नव्हता. अशा घाईत कोण चौकशी करत बसतं? लावला तोच नंबर.

कंपनीचा टी-शर्ट घातलेला माणूस आला. "मॅडम, खालचा-वरचा दोन्ही रॉड उडालेत, थर्मोस्टॅटपण गेलाय." मीटर बॅगेतून बाहेरही काढला नव्हता! खरं तर एक रॉड जळाला तर दुसरा तापतो. दोन्ही एकदम थंड असतील, तर संशय आधी दोघांनाही वीज ज्यातून मिळते त्या गोष्टींवर घ्यायचा: थर्मोस्टॅट, दाराचा स्विच.

आणि तो दिवा! नॉब शून्यावर, दार घट्ट लावलेलं, तरी आतला दिवा जळतच होता. माझ्या ओव्हनमध्ये दार उघडं असलं की दिवा लागतो आणि तापणं बंद होतं. म्हणजे दार लागलंय हे ओव्हनला कळतच नव्हतं. सगळं डोळ्यांसमोर होतं, त्याचाच संताप येतो.

मी फोन घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात "काम झालं". खालचा रॉड १,८५०, वरचा २,२००, थर्मोस्टॅट २,४००, व्हिजिट ५००, मजुरी १,२००. जुने पार्ट म्हणे कंपनीत जमा करावे लागतात. कधीच सोडू नका, जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

महिन्याभरात ओव्हन पुन्हा थंड. या वेळी ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी आधी एमसीबी पाडला, मग मागचा पत्रा काढला. "नव्या" वरच्या रॉडवर माझ्याच पिझ्झ्याचं जळकं चीज चिकटलेलं होतं! खालचा रॉड १,२०० वॅटचा. वायर सोडवून मीटर लावला तर ४४ ओहम, म्हणजे ठणठणीत. तुटलेला असता तर मीटरने ओहमचा आकडा दाखवलाच नसता. थर्मोस्टॅटचा नॉब फिरवताच टिक झालं आणि मीटर वाजला. दाराच्या स्विचची पिन मात्र तुपा-मैद्याच्या थराने आतच येत नव्हती. त्या माणसाने ती बोटाने हलवून मोकळी केली असणार. नवा स्विच २८०, मजुरी ३००. एमसीबी पाडल्याशिवाय तुम्ही स्वतः मात्र आत हात घालू नका.

आता तक्रारीचं ऐका. कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही. पोलीस चौकीत म्हणाले, ओव्हन चालू झाला होता ना, मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकेने तेच ऐकवलं. बिलावर पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, म्हणून ग्राहक मंचातला अर्जच पुढे सरकत नाही. अहो, पत्ता खरा दिला असता तर तो भामटा कसला! त्याचा यूपीआय, मोबाईल नंबर, बिलाचा फोटो सगळं माझ्याकडे आहे. तो नंबर आजही लागतो, आणि पलीकडून कंपनीचंच नाव ऐकू येतं.