गेन्की की मिन्ना नो निहोंगो: जपानला निघालेल्या इंजिनिअरने कोणतं घ्यावं?

जपानच्या पोस्टिंगची ऑफर हातात आहे, निघायला चार महिने आहेत आणि रोज रात्री जेवणानंतर तासभर मोकळा मिळतो, असं धरून लिहितोय. क्लास लावायला वेळ नाही, म्हणजे पुस्तकच गुरू. गेन्की आणि मिन्ना नो निहोंगो, पुढे नुसतं मिन्ना, ही जपानी शिकायची दोन पाठ्यपुस्तकं.

लिपीची धास्ती आधी काढून टाकू. हिरागाना या पहिल्या जपानी लिपीचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने जातो. ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णमालेची ती छाप आहे. मूळ अक्षरं ४६. काताकाना या दुसऱ्या लिपीची तेवढीच, उच्चार तेच, आकार वेगळे. रोज पाच अक्षरं हाताने गिरवली तर दोन्ही तीन आठवड्यांत होतात. गेन्कीमध्ये पहिल्या धड्याबरोबर हिरागाना, दुसऱ्याबरोबर काताकाना आणि तिसऱ्यापासून कांजी ही चिनी अक्षरांची लिपी येते. मिन्नाच्या मुख्य पुस्तकात मात्र इंग्रजी अक्षरांचा आधार नाही, त्यामुळे लिपी येत असेल तरच ते उघडावं.

काताकानाचा कंटाळा करू नका. यंत्रांचे भाग, सेन्सर, व्हॉल्व्ह सगळं त्याच लिपीत असतं. गंमत म्हणजे 'बोरुतो' म्हणजे बोल्टही आणि व्होल्टही, लिहायलाही एकसारखाच. ड्रॉइंगवर आकड्यापुढे असेल तर व्होल्ट, घट्ट करा म्हटलं असेल तर बोल्ट. 'शि' आणि 'त्सु' या जोडीत नवखे हमखास फसतात. 'शि'च्या दोन छोट्या रेघा एकाखाली एक आणि मोठी रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या शेजारी शेजारी आणि मोठी वरून खाली येते. नुसतं बघून हे डोक्यात राहत नाही, लिहावंच लागतं.

आता मूळ प्रश्न. गेन्कीत व्याकरण त्याच पुस्तकात इंग्रजीतून समजावलंय, उदाहरणं देऊन, सावकाश. एकट्याने शिकणाऱ्याला हे फार सोयीचं. पण गोष्ट परदेशी विद्यार्थ्यांच्या कॉलेजजीवनाची: गृहपाठ, डेट, वसतिगृह. शिवाय उत्तरांची पुस्तिका वेगळी विकत घ्यावी लागते. ती घ्या, नाहीतर आपलं चुकलं कुठे ते कळत नाही. मिन्नातले मिलर साहेब कंपनीत नोकरी करतात, त्यामुळे शब्द ऑफिसचे मिळतात. पण मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत आणि स्पष्टीकरण दुसऱ्या पुस्तकात. ते दुसरं घेतलं नाही तर मुख्य पुस्तक शिक्षकाशिवाय मुकंच राहतं. मिन्नाची ही दोन्ही पुस्तकं गोयल प्रकाशनाच्या भारतीय आवृत्तीत मिळतात.

दोघांची खरी परीक्षा क्रियापदाच्या 'ते-रूपा'त होते. गेन्कीत ते सहाव्या धड्यात येतं, मिन्नात चौदाव्यात. लिहिणे 'काकु', त्याचं 'काइते'; वाचणे 'योमु', त्याचं 'योन्दे'; जाणे 'इकु', त्याचं मात्र नियम मोडून 'इत्ते'. गेन्की नियमांचा तक्ता मांडून देतं, मिन्ना वाक्यं बदलायला लावून लावून जिभेवर बसवतं. दोन्हीकडे अर्थ इंग्रजीतून येतो आणि तिथेच आपण उगाच अडखळतो. कारण हे रूप म्हणजे बव्हंशी आपलं 'ऊन'. उठून, अंघोळ करून ऑफिसला जातो, हे वाक्य जसंच्या तसं जपानीत उतरतं. पुढे 'मिरु' म्हणजे बघणे लावलं की 'ताबेते मिरु', खाऊन बघणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे लावलं की 'शिराबेते ओकु', शोधून ठेवणे. 'शिमाउ' लावलं की 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणे. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला परिच्छेद लागतो, आपल्याला एक शब्द पुरतो. प्रश्नही शेवटी 'का' लावूनच विचारतात. तेव्हा पुस्तक कोणतंही घ्या, समासात मराठी लिहा.

एक गोष्ट दोन्हीकडे उशिरा येते. शॉपफ्लोअरवर सहकारी आपसात क्रियापदाला 'मासु' हा नम्र प्रत्यय न लावता साध्या रूपात बोलतात. गेन्कीचा पहिला भाग बारा धड्यांचा, तिथे ते आठव्यात. मिन्नाचा पंचवीस धड्यांचा, तिथे ते विसाव्यात. आठवड्याला एक धडा या गतीने गेन्कीत दोन महिन्यांत तिथवर पोचता. मिन्नाचे धडे छोटे असल्याने आठवड्याला दोन झेपू शकतात, तरी अडीच महिने धरा. आदरार्थी भाषा दोन्हींत दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे आहे, ती निघायच्या आधी होणार नाही. ग्राहकाच्या मीटिंगमध्ये ती कानावर पडेल, तेव्हा घाबरू नका.

माझं मत: एकट्याने शिकत असाल तर गेन्की, पहिला भाग, वर्कबुकसह. कंपनीने शिक्षक दिला असेल तर मिन्ना, आणि ते दुसरं पुस्तक सोबत हवंच. निघायला महिनाच उरला असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' उतरवून घ्या. पीडीएफ आणि ऑडिओ फुकट आहेत, आणि खरेदी, आजारपण, कामावरचं बोलणं अशा प्रसंगांवरच ते बेतलंय. व्याकरणाची गाठ त्यात सैल राहते, ती तिकडे गेल्यावर गेन्कीने आवळता येईल.