बँकेत आलेली रक्कम की झालेली विक्री: नोंद कशाची करावी?

सोलापुरी चादरी ऑनलाइन विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण घेऊ. ग्राहकांचे ऑनलाइन पैसे पेमेंट गेटवे गोळा करतो आणि काही दिवसांनी दुकानाच्या बँक खात्यात एकत्र भरतो, यालाच सेटलमेंट म्हणतात. अशा एका सेटलमेंटमध्ये २०,००० रुपयांची विक्री होती. गेटवेने २ टक्के शुल्काचे ४००, त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ७२ आणि जुन्या ऑर्डरच्या परताव्याचे १,५०० रुपये कापून बँकेत १८,०२८ रुपये जमा केले.

पहिली पद्धत म्हणजे १८,०२८ रुपयांनाच विक्री मानणे. ती झटपट होते आणि बँकेशी नेहमीच जुळते, पण तीच तिची खोट आहे, कारण जीएसटी विवरणपत्रातील विक्री बिलांशी जुळत नाही, ७२ रुपयांचे इनपुट क्रेडिट नोंदीतच येत नाही आणि परतावा कोणत्या बिलाचा होता हेही हरवते.

दुसऱ्या पद्धतीत ‘गेटवे येणे’ असे स्वतंत्र खाते उघडतात. विक्रीच्या दिवशीच त्या खात्याला २०,००० नावे टाकायचे. मग परतावा क्रेडिट नोटसह, शुल्क, त्यावरील कर आणि बँकेतील जमा या चारही रकमा सेटलमेंट अहवालानुसार त्याच खात्यात जमा करायच्या, म्हणजे शिल्लक शून्य होते. ३१ मार्चची विक्री एप्रिलमध्ये जमा झाली, तरी ती योग्य वर्षातच राहते. महिनाअखेरीची शिल्लक सेटलमेंट न झालेल्या ऑर्डरींच्या बेरजेइतकीच हवी. फरक दिसला तर आधी परतावे तपासावेत, कारण परतावा दिल्यावर मूळ शुल्क बहुधा परत मिळत नाही आणि ते मिळाल्याचे गृहीत धरले जाते.

मेहनत जास्त असली, तरी जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाने दुसरीच पद्धत धरावी.