नुसता शिवलेला, टेप मारलेला की बिनटाक्याचा? रेनकोट घेण्याआधी

राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज गाडीवरून जाणाऱ्याला रेनकोटाचं कापड सहसा दगा देत नाही, दगा देते ती पँटची बैठक. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या कापडाला आतून पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो, आणि पाणी अडवतो तो हा थर. सुई त्यातून गेली की धागे बाजूला सरकतात, पण थराला पडलेलं भोक परत मिटत नाही. दोरा सुईपेक्षा बारीक, त्यामुळे कडेनं फट राहते, आणि दोऱ्याच्या तंतूंमधूनही पाणी आत ओढलं जातं.

एका घोट्यापासून बैठकीवरून दुसऱ्या घोट्यापर्यंतची शिवण साधारण दीड मीटर धरा. सेंटिमीटरला तीन टाके म्हटले तरी साडेचारशे भोकं झाली, दुहेरी शिवणीत नऊशे. पावसाचं पाणी मांडीवर साचतं, त्यावर अंगाचा भार येतो, शिवण ताणली जाऊन भोकं रुंदावतात. म्हणून नुसत्या शिवलेल्या सेटचं जॅकेट जवळच्या अंतराला चालून जातं, पँट मात्र आधी हार मानते. आडव्या पावसात तर ती घेऊच नये.

टेप मारलेल्या रेनकोटात याच शिवणीवर आतून साधारण दोन सेंटिमीटर रुंद पट्टी असते. तिच्या एका बाजूला उष्णतेनं वितळणारा गोंद असतो. मशीन गरम हवेनं तो वितळवतं आणि लगेच रोलरखाली दाबतं, तसा गोंद भोकांत उतरतो आणि थराला धरतो. हवा कमी तापली किंवा पट्टी घाईनं पुढे सरकली, तर ती वरवर चिकटते आणि काही दिवसांत कडा सुटतात. जास्त तापली तर थरच करपतो.

दुकानात पँट उलटी करून बैठकीत चार शिवणी मिळतात ती जागा बघा. तिथं कापडाची जाडी वाढते, पट्टी खाली नीट बसत नाही आणि बारीक बोगदा राहतो. कडेला नख लावून बघा, सुटत असेल तर ठेवून द्या. घरी आल्यावर उलट्या पँटच्या बैठकीचा खोलगा करून त्यात तांब्याभर पाणी दहा मिनिटं धरा, गळती असेल तर खाली थेंब दिसतात. छातीवर कंपनीचं नाव मशीननं भरून घेतलंत तर नवी भोकं पडतात, हे बरेच जण विसरतात.

बिनटाक्याच्या पीव्हीसी रेनकोटात कडा उष्णतेनं एकमेकींत वितळवून जोडतात. सुईच नाही, म्हणून भोकंही नाहीत. गगनबावड्याकडं रोपलावणीत दिवसभर उभं राहायला हाच बरा. पण घाम अजिबात बाहेर पडत नाही, आणि वर्षं गेली की पीव्हीसी ताठरून घडीवर तडकतं.

रोजच्या गाडीसाठी मी टेपवाला सेट घेईन. पैसे कमी असतील तर पँट टेपची आणि जॅकेट साधं. टेपवाल्याला इस्त्री लावू नका, गोंद पुन्हा वितळतो. ओला डिकीत कोंबूनही ठेवू नका, दमटपणात पॉलीयुरेथेनचा थर चिकट होऊन सोलतो.