इन्साइट्सच्या स्क्रीनशॉटवरून पोस्टची वेळ ठरवणे: सात महिने वापरल्यानंतर

आमच्या वहिनींचा वाळवणाचा घरगुती व्यवसाय आहे. पापड, कुरडया, सांडगी मिरची. इन्स्टाग्रामचं खातं मी सांभाळतो, फॉलोअर साधारण 2,300. ऑक्टोबरपासून प्रत्येक पोस्टच्या इन्साइट्सचा स्क्रीनशॉट काढून ठेवतोय आणि त्यातले आकडे शीटमध्ये भरतोय. पोस्ट किती वाजता टाकावी, एवढंच शोधायचं होतं.

प्रतिसादाच्या दराचा हिशोब सोपा आहे. लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर यांची बेरीज करायची, तिला रीचने, म्हणजे पोस्ट जितक्या खात्यांपर्यंत पोचली त्या आकड्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. शीटमध्ये B ते E या चार रकान्यांत हे आकडे आणि F मध्ये रीच असेल तर सूत्र असं:

```
=SUM(B2:E2)/F2*100
```

पहिले तीन महिने मात्र फुकट गेले, कारण मी स्क्रीनशॉट सवड मिळेल तेव्हा काढत होतो. एका पोस्टचा दोन दिवसांनी, दुसरीचा तीन आठवड्यांनी. जुन्या पोस्टला लाइक जमायला जास्त दिवस मिळालेले, रीचही वाढलेला, मग दोघींची तुलना कशी करणार? आता पोस्ट टाकली की 48 तासांचा अलार्म लावतो. जुन्या स्क्रीनशॉटमधले काही वाचवता आले, कारण माझ्या फोनमध्ये फाइलच्या नावातच तारीख-वेळ असते. ती पोस्टच्या वेळेशी ताडून पाहिली आणि 48 तासांच्या आसपासचे तेवढे ठेवले.

दुसरी गोष्ट कळायला जास्त वेळ लागला. जानेवारीतल्या दोन पोस्ट घ्या. सांडगी मिरचीचे फोटो मंगळवारी दुपारी दीडला टाकले. रीच 640, लाइक 41, कमेंट 6, सेव्ह 12, शेअर 5, म्हणजे एकूण 64 आणि दर 10 टक्के. कुरडयांचे फोटो गुरुवारी रात्री नऊला टाकले. रीच 1,850, एकूण प्रतिसाद 130, दर 7 टक्के. मी लगेच दुपारची वेळ पक्की करून टाकली. मग त्याच स्क्रीनशॉटमध्ये व्ह्यूजच्या वर्तुळाखाली पाहिलं, तर दुपारच्या पोस्टला फॉलोअर 82 टक्के आणि रात्रीच्या पोस्टला फक्त 34 टक्के. रात्रीची पोस्ट अनोळखी लोकांपर्यंत खूप पोचली होती. अनोळखी माणूस बघतो आणि पुढे जातो, त्यामुळे भाजक फुगतो आणि दर खाली येतो. म्हणजे जास्त चाललेली पोस्टच टक्क्यांत हरली होती. (हे टक्के व्ह्यूजचे असतात, रीचचे नाहीत. त्यावरून फॉलोअरची डोकी मोजता येत नाहीत, पण कल नक्की कळतो.) तेव्हापासून दराशेजारी फॉलोअरच्या टक्क्यांचा रकाना ठेवला आहे, आणि तो ज्यांचा जवळपास सारखा असेल त्याच पोस्ट एकमेकींशी लावतो. रील आणि फोटो तर एका तक्त्यात घेतच नाही.

तिसरी अडचण हंगामाची. फेब्रुवारी उजाडला की वाळवणाच्या प्रत्येक पोस्टला प्रतिसाद वाढतो, मग ती कधीही टाका. म्हणून नऊ आठवडे नीट प्रयोग केला. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तीन फोटोंची एक पोस्ट. वेळा सकाळी अकरा, दुपारी दीड आणि रात्री नऊ, दर आठवड्याला एकेक वार पुढे सरकवलेल्या. त्यामुळे प्रत्येक वेळेला प्रत्येक वार तीनदा मिळाला आणि हंगामाचा चढ तिन्ही वेळांना सारखाच लागला. शेवटी प्रत्येक वेळेच्या नऊ पोस्टचे दर G रकान्यात एकाखाली एक लावून त्यांची सरासरी न काढता मध्यक काढला, नाहीतर एखादी चुकून गाजलेली पोस्ट सगळं चित्र बिघडवते.

```
=MEDIAN(G2:G10)
```

अकराचा मध्यक 5.1 आला, दीडचा 7.9, नऊचा 8.3. दीड आणि नऊ यांच्यातला फरक मी फरक मानत नाही, कारण एकट्या रात्री नऊच्याच पोस्ट 5 पासून 12 टक्क्यांपर्यंत पसरलेल्या होत्या. शिवाय रीच 600 च्या आसपास असताना सहा सेव्ह इकडेतिकडे झाले की एक टक्का हलतो. पण अकराची पोस्ट नऊपैकी सात आठवडे तिघींत तळाला होती. वेळेचा काहीच संबंध नसता तर ती तीनेक आठवडेच तळाला असती. वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, अकराला मीच फोन हातात घेत नाही, स्वयंपाक चाललेला असतो. माझ्या गिऱ्हाइकांचंही तेच."

फॉलोअर कधी ऑनलाइन असतात तो इन्साइट्समधला आलेख मी अजून बघतो, पण फक्त तपासायच्या वेळा निवडण्यापुरता. कोण कधी ऑनलाइन आहे एवढंच तो सांगतो. सेव्ह कधी करतील ते नाही.

अकराची वेळ आम्ही सोडली आहे. दीड आणि नऊपैकी ज्या दिवशी वहिनींना कमेंटना उत्तरं द्यायला सवड असेल ती वेळ घेतो. पावसाळ्यात मेतकूट आणि भाजणीच्या पोस्ट सुरू होतील, तेव्हा हेच नऊ आठवडे पुन्हा करणार आहे. गिऱ्हाईक बरंचसं तेच असलं तरी घरातली कामाची वेळ तेव्हा बदलते.